डोकं दुखलं नाही, तो दिवसही वहीत लिहा

"नमस्कार डॉक्टर. मी ३७ वर्षांची आहे, मानेवाड्याला राहते आणि इतवारीत एका होलसेल दुकानात हिशेबाचं काम बघते. महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं उठतं. एका बाजूनं ठणकतं, मळमळतं, कधी उलटी होते. सासूबाई म्हणतात पित्त आहे, नवरा म्हणतो ऊन लागतं, बहीण म्हणते दही सोड. दही सोडलं, आंबट सोडलं, संत्रा बर्फी खाल्ली की हमखास दुखतं म्हणून तीही सोडली. फरक नाही. दुखेल या भीतीनं कधीकधी आधीच मेडिकलमधून आणलेली गोळी घेऊन टाकते. फॅमिली डॉक्टरांनी अर्धशिशी सांगितली आणि डोकेदुखीची वही ठेवायला लावली. दोन आठवडे, दुखलं की लिहिलं, पण त्यातून काहीच कळलं नाही. रोज नेमकं लिहायचं तरी काय?"
– एक वाचक, नागपूर

ताई,

दोन आठवड्यांत काही कळलं नाही याचं कारण तुमच्याच एका वाक्यात आहे: "दुखलं की लिहिलं." फक्त दुखलेले दिवस लिहिले तर त्या वहीतून कारण सापडूच शकत नाही. समजा पाच वेळा डोकं दुखलं आणि पाचही वेळा आधी चहा झाला होता. मग चहा गुन्हेगार? चहा तर तुम्ही रोज घेता, आणि उरलेल्या दिवशी डोकं शांत होतं. एखाद्या गोष्टीवर संशय घ्यायचा तर ती गोष्ट घडूनही डोकं दुखलं नाही असे दिवस किती, हे आधी माहीत हवं. म्हणून वहीत रोज एक ओळ पडली पाहिजे. बरा गेलेला दिवस तर आवर्जून लिहायचा.

वही दिवसातून दोनदाच उघडा. सकाळी उठल्यावर रात्रीची झोप लिहायची आणि रात्री झोपण्याआधी बाकीचं सगळं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. डोकं दुखायच्या आधीच दिवस लिहून झालेला असणं फार मोलाचं असतं. एकदा ठणका सुरू झाला की आपलं मन गुन्हेगार शोधायला लागतं. कालचं दही आठवतं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तीनदा खाल्लेलं दही आठवत नाही. एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर जागा रिकामी सोडा. रविवारी बसून आठवड्याभराचं आठवून भरू नका, कारण आठवून भरलेल्या ओळी नेमक्या तुमच्या संशयाच्या बाजूनं झुकतात.

आता ओळ कशी असते ते दाखवते. ही एका वहीतली आहे:

"मंगळवार. झोप ११.४५ ते ५.३०. नाश्ता ९ वाजता, जेवण ३.१५. चहा ७, ११, ४. ऊन १२ वाजता, २० मिनिटं, गाडीवर. पाळी −२. दुपारपासून जांभया, मान आखडली. दुखणं ४.४० ला सुरू, उजवं कानशील, ठणका, दहापैकी ७. मळमळ, उजेड नको. गोळी ६.१०, दोन तासांनी ५. काम सोडून झोपावं लागलं. सकाळी उठले तेव्हा गेलं होतं."

बऱ्या दिवसाची ओळ याच्या निम्मी असते: झोप, जेवणाच्या वेळा, चहा, ऊन, पाळी आणि शेवटी "दुखणं नाही". बस्स.

या ओळीत पदार्थांची यादी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. अर्धशिशीत काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं आणि किती वेळ पोट रिकामं राहिलं, हे बहुतेकांच्या बाबतीत जास्त बोलकं ठरतं. म्हणून घड्याळातली वेळ लिहा. "जेवण उशिरा" असं लिहू नका, कारण होलसेल बाजारात उशिरा म्हणजे किती, हे दिवाळीच्या सीझनला वेगळं असतं आणि जूनमध्ये वेगळं. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर तोही लिहा, आणि फराळ किती वाजता केला तेही.

चहाची वेळ यासाठी की रोजचा चहा-कॉफी चुकली की साधारण १२ ते २४ तासांत काहींचं डोकं दुखायला लागतं. रविवारी उशिरा उठणाऱ्यांचं डोकं अनेकदा असंच धरतं. त्यात झोपही नेहमीपेक्षा लांबलेली असते आणि आठवडाभराचा ताण एकदम उतरलेला असतो, म्हणून अशा वेळी घड्याळ पाहिल्याशिवाय नेमकं काय घडलं ते सांगता येत नाही. ताणाबद्दल लिहिताना "टेन्शन" हा शब्द नको. "स्टॉक मोजणी", "मुलाची परीक्षा", "जीएसटीची शेवटची तारीख" असं काय झालं ते लिहा. तीन महिन्यांनी "टेन्शन" वाचून काही आठवत नाही.

पाळीसाठी साधा आकडा वापरा. पहिला दिवस म्हणजे १, दुसरा २. त्याच्या आदला दिवस −१, त्याआधीचा −२. शून्य नसतो. पाळी आल्यावर मागचे दोन दिवस भरून घेतले तरी चालतं. मागून भरायला चालणारी ही एकच गोष्ट. पाळीशी जोडलेली अर्धशिशी बहुधा −२ ते ३ या पाच दिवसांत येते, आणि तीन पाळ्यांपैकी किमान दोन वेळा आली तरच तो संबंध धरायचा.

उन्हाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नागपुरात प्रत्येक डोकेदुखी उन्हाच्या खात्यावर जाते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा हा संशय साहजिकच आहे. पण "ऊन लागलं" या दोन शब्दांत चार-पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. डोळ्यांवर येणारी तिरीप, अंगाला लागलेली उष्णता, सकाळपासून न प्यायलेलं पाणी, उन्हात अडकल्यामुळे टळलेलं जेवण, आणि गाडीवर जाताना कपाळावरून आवळून बांधलेला दुपट्टा व त्यावर हेल्मेट. ही शेवटची गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही. कपाळावर सतत दाब पडूनही डोकं दुखतं, आणि ते दुखणं ओळखायला सोपं आहे: दाब असतानाच तासाभरात सुरू होतं आणि दुपट्टा-हेल्मेट काढल्यावर तासाभरात ओसरतं. अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये मात्र त्याच दाबातून पुढे खरा झटकाही सुरू होऊ शकतो. म्हणून उन्हापुढे तीन गोष्टी लिहा: किती वाजता, किती मिनिटं, आणि पायी की गाडीवर. पाण्याचे ग्लास मोजत बसू नका, कुणाकडून ते आठवडाभरही होत नाही. सकाळी भरलेली लिटरची बाटली घरी येताना रिकामी होती की अर्धी, एवढं लिहिलं तरी पुरे.

आता संत्रा बर्फी. ती सोडण्याआधी हे वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, कारण माझा संशय वेगळाच आहे. अर्धशिशीचा झटका ठणक्यापासून सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधीपासून, कधीकधी दीड-दोन दिवस आधीपासून मेंदूत बदल सुरू झालेले असतात. त्या काळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, लघवीला वारंवार जावं लागतं, उजेड खुपतो, आणि बऱ्याच जणांना गोड खायची जबरदस्त इच्छा होते. माणूस गोड खातो, काही तासांनी डोकं ठणकायला लागतं, आणि आळ गोडावर येतो. खरं तर बर्फीची इच्छा झाली तेव्हाच झटका सुरू झालेला होता. आखडलेल्या मानेचंही तसंच. लोक महिनोन् महिने उशा बदलत राहतात, पण मान ही कित्येकदा झटक्याची पहिली खूण असते.

हे वहीतून तपासता येतं. गोड खाल्लं तर पुढे एकच शब्द लिहा: "इच्छेनं" किंवा "सहज". घरी पाहुणे आले म्हणून खाल्लं, दुकानात कुणी पेढे वाटले म्हणून खाल्लं, ते सहज. अगदी खात्री करायची असेल तर बुधवार ठरवून टाका आणि इच्छा असो नसो, दर बुधवारी जेवणानंतर एक तुकडा खा. सहज खाल्लेल्या दिवसांनंतर डोकं शांत राहिलं आणि इच्छेनं खाल्लेल्या दिवसांनंतरच दुखलं, तर बर्फी निर्दोष आहे. दह्याचा निकालही असाच लावा. एकाच वेळी तीन-चार पदार्थ सोडले की पुढे डोकं थोडं कमी दुखलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि ताटातले पदार्थ मात्र कमी होत जातात.

वही भरली की वाचायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेची वही त्यांच्या परवानगीनं इथे मांडते. त्यांनाही उन्हाची खात्री होती. ६० दिवसांची वही होती, त्यात डोकेदुखी ११ वेळा. आम्ही एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत एक दिवस धरला, म्हणजे दुपारच्या उन्हानं किंवा टळलेल्या जेवणानं रात्री डोकं धरलं तरी ते त्याच दिवसाच्या खात्यात येईल.

१५ मिनिटांपेक्षा जास्त ऊन लागलेले दिवस २० होते. त्यातल्या ४ दिवशी डोकं दुखलं, म्हणजे पाचातून एकदा. ऊन न लागलेले दिवस ४०, त्यात ७ वेळा दुखलं, म्हणजे साधारण सहातून एकदा. फरक नगण्य. मग जेवण पाहिलं. दुपारचं जेवण अडीचनंतर गेलेले १२ दिवस होते आणि त्यातल्या ६ दिवशी डोकं दुखलं, चक्क निम्मे. वेळेवर जेवलेले दिवस ४८, त्यात फक्त ५ वेळा, म्हणजे दहातून एकदा.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण उन्हाच्या त्या ४ दिवसांकडे पुन्हा पाहिलं. चारातल्या ३ दिवशी जेवणही टळलेलं होतं. ऊन लागलं पण जेवण वेळेवर झालं, असे १५ दिवस निघाले आणि त्यात डोकं दुखलं एकदाच. म्हणजे इतकी वर्षं ज्याला ऊन समजत होत्या, ते मुख्यतः उन्हातून येईपर्यंत राहिलेलं जेवण होतं. वेळेवर जेवूनही दुखलं त्या ५ वेळांपैकी ३ पाळीच्या −२ ते ३ या दिवसांत होत्या. उरलेल्या दोनांचं कारण सापडलं नाही, आणि ते सापडलंच पाहिजे असंही नाही. काही झटके कुठल्याही चिथावणीशिवाय येतात.

तुमच्या वहीत हेच निघेल असं मुळीच नाही. पद्धत मात्र हीच ठेवा: संशयित गोष्ट घडलेले दिवस मोजा, त्यात दुखलेले मोजा, मग न घडलेले दिवस मोजा, त्यात दुखलेले मोजा, आणि दोन प्रमाणं शेजारी ठेवा. एखादी गोष्ट दोन महिन्यांत दोन-तीनदाच घडली असेल तर तिच्याबद्दल निकाल देऊ नका, इतक्या थोड्या आकड्यांत योगायोग सहज शिरतो. रोज घडणाऱ्या गोष्टीबद्दलही वही काही सांगू शकत नाही, कारण ती न घडलेले दिवसच नसतात. निदान आठ आठवडे लिहा. पाळीचा संबंध पाहायचा तर तीन महिने.

आणि प्रमाणात फरक दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असंही नाही. त्या बाईंचं जेवण टळायचं ते शाळेत तपासणीची किंवा कार्यक्रमाची धावपळ असली की, म्हणजे दगदगही त्याच दिवशी असायची. म्हणून पुढचे दोन महिने त्यांनी एकच गोष्ट बदलली. साडेबाराला, वर्ग असो वा काम असो, डब्यातली अर्धी पोळी-भाजी खायचीच. बाकी दिवसक्रम होता तसाच. दगदगीचे दिवस आले तेव्हाही डोकं पूर्वीपेक्षा कमी वेळा दुखलं, तेव्हा आम्ही जेवणावर शिक्कामोर्तब केलं. दोन गोष्टी जोडीनं आल्या तरच दुखतं, एकेकटी चालून जाते, असंही पुष्कळ जणांत दिसतं. कमी झोप निभते, उपवासही निभतो, पण जागरणानंतरचा उपवास निभत नाही. म्हणून मोजणी झाल्यावर दुखलेल्या दिवसांच्या ओळी एकाखाली एक ठेवून जोड्या शोधा.

आता गोळीचा रकाना. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या वाक्याची, भीतीनं आधीच घेतलेल्या गोळीच्या. प्रत्येक गोळी लिहा: पाकिटावरचं औषधाचं नाव, किती वाजता, आणि दोन तासांनी दुखणं किती उरलं. न दुखता घेतलेली गोळीही लिहा. महिनाअखेरीस गोळ्या मोजू नका, गोळी घेतलेले दिवस मोजा. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस.

हे मोजायचं कारण असं की दुखणं थांबवणारी गोळी वारंवार घेतली तर तिच्यामुळेच डोकेदुखी वाढते आणि जवळजवळ रोजची होऊन बसते. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखं साधं वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी, ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा ट्रामाडॉल-कोडीनसारखं औषध महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर हा धोका धरतात. मेडिकलमध्ये "डोकेदुखीची गोळी द्या" म्हटलं की हातात पडते ती बरेचदा संयुक्तच असते. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. एकापेक्षा जास्त नावं असली तर तुमची मर्यादा १० दिवसांची. आकडा त्याच्या आसपास असेल तर वही पूर्ण व्हायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि गोळी कशी थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या. काही औषधं एकदम बंद करता येतात, काही हळूहळू उतरवावी लागतात.

याच रकान्यातून उलटी गोष्टही कळते. वरच्या मंगळवारच्या ओळीत दुखणं ४.४० ला सुरू झालं आणि गोळी ६.१० ला घेतली, दीड तासानं. झटका चढल्यावर पोटाचं काम मंदावतं, मळमळ वाढते आणि गोळी नीट लागू पडत नाही. सुरुवातीलाच, दुखणं सौम्य असताना घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. भीतीनं आधी घेणं आणि सुरू होताच घेणं यांत मोठा फरक आहे, आणि तुमची गोळी नेमकी कुठे बसते ते या वेळांवरूनच दिसेल.

सासूबाईंच्या पित्ताबद्दल थोडक्यात. अर्धशिशीत मळमळ-उलटी बरेचदा असते आणि उलटी झाल्यावर काहींचं डोकं उतरतंही, त्यामुळे दोष पोटाकडे जातो. वहीत "पित्त" न लिहिता "मळमळ ५.३०, उलटी ७" असं लिहा. आधी डोकं की आधी पोट, हा क्रम वेळेवरून आपोआप दिसतो. दुखण्याआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेघा किंवा अर्धवट अंधार येत असेल, तर तो किती मिनिटं टिकला हेही लिहा आणि डॉक्टरांना नक्की सांगा, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर.

काही दुखणी वहीत लिहायची नसतात, तडक दवाखाना गाठायचा असतो: क्षणार्धात शिगेला पोचलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं, तापासोबत ताठ झालेली मान, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं उठलेलं दुखणं, आणि उन्हाळ्यात, अंग तापून माणूस असंबद्ध बोलायला लागला तर, कारण तो उष्माघात असू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली तर तीही लवकर दाखवायची.

आठ आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही सोबत ठेवा, पण हातात एकच कागद द्या. त्यावर दर महिन्याचे चार आकडे: डोकं दुखलेले दिवस, काम सोडावं लागलेले दिवस, गोळी घेतलेले दिवस, आणि गोळीनं दोन तासांत उतार पडला तो कितीदा. खाली गोळ्यांची नावं आणि तुमच्या मोजणीत फरक दिसलेली एक किंवा दोन कारणं. झटके रोखण्यासाठी रोजचं औषध सुरू करायचं की नाही, हे ते मुख्यतः याच आकड्यांवरून ठरवतील. दही आजपासून पुन्हा खायला लागा, ते कधी खाल्लं ते फक्त लिहून ठेवा.